कुबराचे पंधरा टक्के

पनवेलच्या मोहल्ल्यात कुबराइतकी कमी बोलणारी बाई दुसरी नव्हती, आणि कुबराइतकी बडबडी बाईही दुसरी नव्हती. तोंडाने ती दिवसाला मोजून वीस-पंचवीस वाक्यं बोलायची, त्यातली निम्मी मासेवालीशी, तीही भांडणाची. पण एकदा हात सुरू झाले की खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, घरात कबुतरं शिरलीयत.

कारण तिचा मुलगा नावेद. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला, आठ दिवसांनी उतरला, आणि नवव्या दिवशी कुबराच्या हातातून पातेलं पडलं तेव्हा मोहल्ल्यातली मांजरं पळाली, नावेदने मान वळवली नाही. अशा मुलांची शाळा होती, पण मुंबईत. नवरा नझीर न्हावा शेव्याला ट्रेलरवर, चार-चार दिवस बाहेर. रोज कोण नेणार, कोण आणणार? मग कुबराने शाळा घरातच काढली. मास्तरही तीच आणि पुस्तकही तिचंच. ओट्याशी उभं राहून तिने एकेक शब्द हाताने बनवला, कांदा सोलता सोलता, पीठ मळता मळता. कानाच्या वरच्या पाळीला बोट लावलं की अब्बा, कारण नझीर जुम्म्याला अत्तराचा बोळा तिथे खोचायचा. केसातून कंगवा फिरवल्यासारखं केलं की चुलतभाऊ माज, जो आरशासमोरून हलत नसे. हाताची चोच करून फडफडवली की शेजारची चंद्रावती. मोहल्ल्यात प्रत्येकाला असं एकेक नाव होतं, आणि कुबराने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. हसायची तेवढी.

गोम अशी, की ही भाषा जगात दोघांनाच यायची. नझीरला अर्धीमुर्धी. तो गडी तोंडाचा. ‘घरात एकाने बोललं म्हणजे झालं,’ म्हणायचा, आणि ते एक तोंड दिवसभर चालवायचा. नावेदशी बोलताना तो हातवारे कमी आणि नकला जास्त करायचा. पोरगं हसून लोळायचं. हसवायला बाप, सांगायला आई, अशी वाटणी होती.

नावेद मामाकडे शिवणकाम शिकला. हात आईचेच, त्यामुळे सुईत चलाख. चोविसाव्या वर्षी माजने त्याला शारजाला नेलं, एका टेलरिंगच्या दुकानात लावलं. दोघं एका खोलीत राहायचे. पुढच्या सुट्टीत माज येताना एक लॅपटॉप घेऊन आला आणि कुबराच्या टेबलावर ठेवला. सोबत नेटचं ते बोटाएवढं डोंगल.

‘चाची, आता रोज बघ त्याला.’

रोज कुठलं? नावेद दुकानात सकाळी नऊ ते एक आणि चार ते अकरा; खोली लांब, म्हणून मधले तीन तासही दुकानातच. माज रात्रपाळीचा वॉचमन, आणि तिकडचा लॅपटॉप माजचा, त्याच्याबरोबर ड्युटीवर जाणारा. दोघांची धड गाठ पडायची शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, चार वाजेपर्यंत. आपले साडेतीन ते साडेपाच. आणि पनवेलात शुक्रवार म्हणजे लाइनच्या दुरुस्तीचा दिवस. वीज सकाळी जायची, ‘पाचला येणार’ म्हणायचे, सहाला यायची. म्हणजे आठवड्यातून एकदाच जी भेट, ती बॅटरीवर.

शेजारी चंद्रावतीकडे इन्व्हर्टर होता. ती दहादा म्हणाली, ‘ये की गं आमच्याकडे, पंख्याखाली बस, पोराशी बोल.’ पण चंद्रावतीच्या घरात बसणं म्हणजे चौकात बसणं. चंद्रावतीलाही ते ठाऊक होतं, तिने फार ताणलं नाही.

लॅपटॉपच्या तब्येतीची जबाबदारी नझीरने स्वतःकडे घेतली होती. त्याचा एकच नियम. चार्जर काढायचा नाही.

‘पिऊ दे त्याला. भरलेली टाकी कधी दगा देत नाय.’

त्यामुळे तो लॅपटॉप शुक्रवारचे ते तास सोडले तर तीन वर्षं खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखा भिंतीला बांधलेला होता.

कुबराने आकडा वाचायला शिकून घेतलं होतं. खाली कोपऱ्यात बॅटरीचं चित्र, त्यावर बोट नेलं की टक्के. तिचा हिशोब पक्का होता. पंधरा टक्के राहिले की दहा मिनिटं उरतात. आणि त्या दहा मिनिटांसाठी ती एक गोष्ट राखून ठेवायची. वाईट बातमी.

त्याला कारण होतं. नावेदला दुःखाची गोष्ट सांगितली की तो डोळे मिटायचा. लहानपणापासूनची सवय. आणि डोळे मिटले की त्याच्याशी बोलणंच संपायचं. तुमच्या-आमच्या रडतानाही कुणी ‘गप रे’ म्हटलेलं कानावर पडतं. त्याचे कान पापण्यांना होते, ते बंद झाले की आई समोर असून नसल्यासारखी. म्हणून ती आधी सगळं गोड बोलून घ्यायची, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगी झाली, आणि शेवटच्या दहा मिनिटांत आजी गेल्याचं, मामाचा अपघात झाल्याचं सांगायची. डोळे मिटायला पाच मिनिटं, समजूत घालायला पाच. मग पडदा काळा. तिला वाटायचं, हे पोरासाठी आहे. थोडं तिच्यासाठीही होतं. फार वेळ त्याला रडताना बघायला लागत नसे.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत नझीरला कावीळ झाली. कावीळ म्हणून औषध झालं, मंतर झाला, वावेघरच्या एका म्हातारीकडून मुळी आणून झाली. मग मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा कळलं की यकृतात गाठ आहे, आणि गाठ बरीच जुनी आहे. डॉक्टर कुबराला बाजूला घेऊन म्हणाले, ‘दोन महिने धरा. कमीही असतील. बाहेर कोणी असेल तर बोलावून घ्या.’

नझीर स्टुलावर बसून शर्टाची बटणं लावत होता. घरी येताना रिक्षात म्हणाला, ‘नावेदला सांगू नको.’

‘का?’

‘ईदेला येणारच हाय तो. आत्ता बोलावलास तर येईल, आणि मी मेलो नाय तर काय करशील? पोरगं म्हणेल, अब्बाने फसवलं.’

‘मस्करी करू नको.’

‘मग काय करू? डॉक्टरने तेवढंच शिल्लक ठेवलंय.’

ईद ऑगस्टात होती. कुबराने बोटांवर महिने मोजले. तिचं ठरलं. सांगायचं. सांगणारी ती एकटीच होती. फोनवर माजला सांगता आलं असतं, पण नावेदला लिहितावाचता येत नव्हतं आणि माजला त्याच्या भाषेतले पाचच शब्द यायचे, ये, जा, खा, झोप आणि अंगठा वर केला की ठीक. ‘तुझा बाप जातोय, जाण्याआधी त्याला येऊन बघ’ हे त्या पाचांत कसं बसणार?

त्या शुक्रवारी नझीर आत झोपला होता. कुबराने चार्जर काढला, डोंगल लावलं, आणि नावेदचा चेहरा आला, तुकड्या-तुकड्यांनी, नेहमीसारखा. नेट हळू असलं की ती हात हळू चालवायची, लहान मुलाला घास भरवावा तशी. आधी गोड. अब्बा? कानाच्या पाळीला बोट. बरे आहेत, जेवतात, चालतात. हे खोटं तिने दर आठवड्याला इतक्यांदा सांगितलं होतं की हात आपोआप वळले. मग चंद्रावतीची चोच, नव्या मांजराचं बाळंतपण. नावेद हसला. त्याने शिवलेला एक झगा कॅमेऱ्यासमोर धरला, गळ्यावरचं जरीकाम दाखवलं. वीस टक्के. सतरा. पंधरा.

कुबराने पदर सावरला. कानाच्या पाळीला बोट लावलं. नावेद पुढे सरकला. ती दुसरा हात उचलणार, तेवढ्यात पडदा काळा झाला.

नेट गेलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग लॅपटॉपच्या आतल्या पंख्याचा बारीक आवाजही थांबल्याचं ध्यानात आलं. तिने बटण दाबलं, एक निळा दिवा लागून विझला. दहा मिनिटं होती. तिने मोजलेली. ती दहा मिनिटं कोणीतरी उचलून नेली होती.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप पिशवीत घालून लाइन आळीत गुरुदत्तकडे गेली. गुरुदत्त चाळिशीचा, जाड भिंगाचा, मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल, त्यावरही एक प्रिंटर बसलेला.

‘पंधरावर बंद पडतो?’ त्याने विचारलं. ‘आधी कितीवर पडायचा?’

कुबराने आठवलं. मागच्या महिन्यात एकदा आठवर पडला होता. एकदा बारावर. दोन्ही वेळा बोलणं संपलेलं होतं, तिने मनावर घेतलं नव्हतं.

‘म्हणजे चढत चाललंय,’ गुरुदत्त म्हणाला. त्याने चार्जर लावून मशीन चालू केलं, काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं, आणि एक अहवाल उघडला. ‘हे बघा भाभी. कंपनीतून आली तेव्हा या बॅटरीत अठ्ठेचाळीस वॅट-तास मावायचे. आता ती स्वतः म्हणतेय, पूर्ण भरले तरी चोवीस. अर्धी गेली.’

‘आणि पंधरा?’

‘ते वेगळं. बॅटरीच्या आत एक छोटा मीटर असतो. किती आत आलं, किती बाहेर गेलं, ते मोजतो. त्यावरून टक्के सांगतो. पण तुम्ही हिला सदानकदा चार्जरला ठेवली ना?’

‘ह्यांचा हुकूम.’

‘मग त्या मीटरला तळ कधी दिसलाच नाही. तो अंदाजाने सांगतोय. त्याला वाटतं पंधरा बाकी आहेत, आणि आत काही नाही. एरवी मशीन दहाला सूचना देतं, पाचला स्वतःच सगळं सांभाळून झोपतं. तुमचं पाचपर्यंत पोचतच नाही.’

कुबराला हे लगेच कळलं. डब्यावर आतून खूण केलेली असते, खुणेखाली शेरभर तांदूळ. पण डबा तळाशी चेपला तर खूण तीच राहते आणि तांदूळ कमी होतात.

‘मग नवी घ्यायची?’

गुरुदत्तने चष्मा पुसला. ‘प्रामाणिक सांगू? नवीच घ्यावी. पण ह्या मॉडेलची चांगली मागवायला लागेल, आठ-दहा दिवस. इथे बाजारात मिळते ती डुप्लिकेट, ती मी लावणार नाही. तोवर मीटर रिसेट करून देतो. पूर्ण भरायची, दोन तास शांत ठेवायची, मग मध्ये न थांबवता रिकामी होऊन बंद पडेपर्यंत चालवायची, पुन्हा पूर्ण भरायची. मीटरला वर आणि खाली दोन्ही टोकं दिसतात. आकडा खरा होतो.’

‘वेळ वाढतो?’

‘एक मिनिटसुद्धा नाही. पन्नास मिनिटांची ती पन्नासच. फक्त पंधरा म्हणेल तेव्हा पंधरा असतील.’

‘मला तेवढंच पायजे,’ कुबरा म्हणाली.

गुरुदत्त हसला. त्याच्या दुकानात लोक वेळ मागायला यायचे. खरा आकडा मागणारी ही पहिलीच.

‘नवीची ऑर्डर टाकू?’

ती घुटमळली. घरी विचारते, म्हणाली. घरी नझीर भिंतीला टेकून बसला होता, पाय सुजलेले, तोंड शाबूत.

‘नवी कशाला? जुनीलाच खरं बोलायला शिकवतोय ना तो? माझ्याकडे बघ. मीपण जुनाच हाय, खोटं बोलतो, तरी चालवून घेतेस.’

ऑर्डर राहिली.

मंगळवारी गुरुदत्तने लॅपटॉप परत दिला. टेबलावर उघडा ठेवून, सगळ्या सूचना बंद करून, त्याने तो रिकामा केला होता आणि परत भरला होता. दुसऱ्या वेळी तपासलं तर तो चारवर बंद पडला. ‘झालं काम,’ तो म्हणाला. ‘आता पूर्ण भरल्यावर अहवालात चोवीसऐवजी वीस म्हणतो. कमी म्हणतो, पण खरं म्हणतो.’

दुसरा शुक्रवार. यावेळी नझीर झोपला नाही. त्याने स्वच्छ कुर्ता मागितला, दाढी करून घेतली आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसला. डोळे पिवळे होते, पण त्या कॅमेऱ्यात सगळेच पिवळे दिसायचे. त्याने नावेदला ट्रेलरच्या क्लीनरची नक्कल करून दाखवली, मग चंद्रावतीची, मग डॉक्टरची, स्टेथोस्कोप लावून स्वतःच दचकणारा डॉक्टर. नावेद खाटेवर आडवा पडून हसत होता. मागून माजही हसत होता. कुबरा बाजूला उभी राहून आकडा बघत होती. साठ. पन्नास. पस्तीस. नझीर तिच्याकडे न बघताच पुटपुटला, ‘माझ्यासमोर सांगणार नायस ना?’

‘तू जा की मग.’

‘जातो. बोल तुझं काय ते.’ तो उठला. त्याला तिचं सगळं माहीत होतं. दाराच्या चौकटीला धरून त्याने नावेदला एक सलाम ठोकला, पोलिसासारखा, आणि आत जाऊन पडला.

सत्तावीस टक्के. कुबरा खुर्चीत बसली. यावेळी तिने पंधराची वाट पाहिली नाही. कानाच्या पाळीला बोट. पोटावर हात, वळलेली मूठ. आजारी. मोठं.

नावेदचं हसू हळूहळू उतरलं. त्याने विचारलं, किती मोठं? तिने दोन्ही हात पसरले. आणि त्याने डोळे मिटले.

आता थांबणं भाग होतं. तिला फक्त एकच शब्द सांगायचा राहिला होता. ये. आत्ता ये, ईदेला नको. तो शब्द तिने हातात तयार धरून ठेवला, छातीशी, बोटं आतल्या बाजूला वळवून. बावीस टक्के. तिने मनात म्हटलं, खरे बावीस आहेत, खूप आहेत, रडू दे त्याला. नावेदच्या पापण्या थरथरत होत्या. एकवीस. त्याने एक डोळा किलकिला केला.

पडदा काळा झाला.

कुबरा हात छातीशी धरून तशीच बसली. समोरच्या काळ्या काचेत तिला तीच दिसत होती, कुणालातरी बोलावणारी.

मग ती लॅपटॉप उचलून चंद्रावतीच्या दारात गेली, तर कुलूप. परत येऊन तिने मोबाइल घेतला आणि माजला लावला. आत नझीर होता, म्हणून मोरीत जाऊन, पाणी सोडून.

‘माज, तो काय करतोय?’

‘चाची, रडत होता. आता बरा हाय. मी त्याला अंगठा दाखवला.’

‘काय?’

‘अंगठा. म्हटलं, सगळं ठीक. हसला बिचारा.’

कुबराने नळ आणखी सोडला. ‘ठीक नाय रे. चाचा जायला लागलेत. त्याला सांग, ये. घरी ये.’

माज रडवेला होऊन म्हणाला, ‘कसं सांगू? मी ये केलं की त्याला वाटतं जेवायला बोलावतोय.’ तरी त्याने केलं. तिला फोनवर खाटेचा आवाज ऐकू आला, चपलांचा. थोड्या वेळाने माज म्हणाला, ‘चाची, तो खरंच मेसकडे निघाला. डबा घेऊन.’

माजने त्याच्याकडून होईल तेवढं केलं. दुकानाच्या मालकाला गाठायला गेला, मालक ओमानला, गुरुवारी येणार. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नावेद पुढचे दिवस माजकडे बघून अंगठा वर करायचा, आणि माजही करायचा. काय करणार?

शनिवारी कुबरा पुन्हा लाइन आळीत. तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. एकवीस म्हणाली फक्त. गुरुदत्तने तिच्यासमोरच भरला, डोंगल लावलं, कॅमेरा चालू केला, उजेड पूर्ण वाढवला. तेवीसवर बंद पडला. त्याने चष्मा काढून हातात घेतला.

‘चूक माझी, भाभी. मी हिला नुसती स्क्रीन चालू ठेवून रिकामी केली. हळूहळू. तेव्हा ती चारपर्यंत गेली. कॅमेरा आणि डोंगल लागलं की ओढ वाढते. आत सेलच्या तीन जोड्या आहेत, त्यातली एक ढिली झालीय. हलकं काम करते, ओढ लागली की एकदम बसते, मग बाकीच्या दोघींत कितीही असो, सगळं बंद. मीटर आता खोटा नाही. पण जोडी मेलेली आहे. हे रिसेटने होणारं नव्हतं. मी कॅमेरा लावून बघायला हवं होतं.’

‘बघायला हवं होतं,’ कुबरा म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने त्याच मिनिटाला ऑर्डर टाकली, फोनवर कुणावर तरी ओरडला, आठ दिवसांचे पाच करून घेतले.

नझीर मंगळवारी पहाटेच्या नमाजच्या वेळी गेला. आदल्या दिवशी चंद्रावतीने पेज आणली होती, ती बघून म्हणाला होता, ‘मीठ विसरलीस, का कंजूष झालीस?’ चंद्रावती म्हणाली, ‘जिभेला चव नाही तुमच्या.’ ‘तुझ्या जिभेची वाटून घेऊ थोडी, तुला जास्तच हाय.’ चंद्रावती उठली आणि घरून मीठ घेऊन आली. दुपारी दफन झालं. मिट्टी द्यायला सगळा मोहल्ला होता, मुलगा नव्हता.

कुबराने माजला फोनवर कळवलं आणि बजावलं, ‘तुझ्या हातांनी काय सांगू नको. एक बोटसुद्धा हलवू नको.’ माजने ते पाळलं. तीन दिवस तो नावेदकडे पाठ करून झोपला.

गुरुवारी संध्याकाळी गुरुदत्त स्वतः घरी आला. दारात चपलांचा ढीग बघून त्याला कळलं. खाली मान घालून त्याने जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. ‘रात्रभर भरू द्या. दुकानात कॅमेरा, डोंगल, सगळं लावून बघितलंय. दोन तास दहा मिनिटं चालली. पाच टक्क्यांवर स्वतःहून झोपली.’ मग जुनी बॅटरी खिशात घातली. ‘भाभी, मी–’

‘चहा घे,’ कुबरा म्हणाली.

शुक्रवारी वीज गेली. साडेतीनला तिने लॅपटॉप उघडला. शंभर टक्के. नावेद आला, आणि येताच त्याने अंगठा वर केला, भुवया उंचावून, विचारत.

कुबराने यावेळी मांजर सांगितलं नाही, चंद्रावती सांगितली नाही. कानाच्या पाळीला बोट लावलं आणि मग तळहात उलटा करून हळूच खाली नेला, सपाट, कबरीवरची माती सारखी करतात तसा. हा शब्द तिने त्याला आजीच्या वेळी शिकवला होता.

त्याने डोळे मिटले.

ती बसून राहिली. शहाण्णव. एक्क्याण्णव. त्याचे खांदे हलत होते, आवाज येत होता, जो त्याला स्वतःला कधी ऐकू आला नव्हता. कुबराने तो तीन वर्षांत इतका वेळ ऐकला नव्हता, कारण नेहमी त्याआधीच बॅटरी संपायची. आता संपत नव्हती. सत्त्याऐंशी. पडदा काळा व्हावा असं तिला एकदा वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. माज मागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्र्याऐंशी.

नावेदने डोळे उघडले. हात वर केले. कधी? तिने आजपासून मागे तीन बोटं मोजली. मंगळवार. मग त्याने विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

खोटं सांगायला तिचे हात सरावलेले होते. तिने ते एकदा घट्ट मिटले. मग सांगितलं. महिना. जास्त.

आणि मला?

तिने सगळं सांगितलं. पंधरा टक्क्यांचं, दहा मिनिटांचं, आधी गोड मग कडूचं. तिला दीड तास लागला, कारण मध्ये मध्ये हात अडखळत होते. नावेद बघत होता. एकदाही डोळे न मिटता. शेवटी त्याने सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, लहानपणी ती त्याला सांगायची तसा. वाईट आधी. चांगलं नंतर. चांगलं राहिलं तरी चालेल.

तिने मान हलवली.

चार वाजून गेले तिकडे. माजने घड्याळ दाखवलं, नावेदने त्याचा हात खाली केला. दुकानात तो गेला नाही. त्याने आईकडे निरखून बघितलं आणि बोटं तोंडाशी नेली. जेवलीस?

शेजाऱ्यांनी पाठवलेली भांडी टेबलाच्या कडेला झाकून ठेवलेली होती, सकाळपासून. कुबराने नाही म्हटलं.

मग जेव, त्याने सांगितलं. मी बघतो.

तिने चंद्रावतीच्या डब्याचं झाकण काढलं, ताटलीत थोडा भात घेतला, आणि कॅमेऱ्यासमोर ठेवला, त्याला दिसेल असा. एक घास घेतला. हात भाताचे झाले, त्यामुळे आता तिला काही बोलता येत नव्हतं. नावेद हनुवटी गुडघ्यांवर टेकवून बसला होता आणि दर घासाला थोडी मान हलवत होता. खाली कोपऱ्यात किती उरले होते, ते तिने बघितलं नाही.